दर काही तासांनी जाणारं नेट: मालवण तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

घर मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. घरात काका, काकू आणि पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी सून. नेट फायबरचं. कंपनीने दिलेल्या एकाच डब्यात फायबरचं मोडेम, राउटर आणि वायफाय, तिन्ही. तक्रार अशी की दिवसातून चारपाच वेळा नेट जातं आणि आपोआप परत येतं. मी या भागात सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतो, म्हणून मला बोलावलं.

मी जाईपर्यंत बरेच उपाय करून झाले होते. कंपनीचा माणूस येऊन डबा बदलून गेला होता. कोणाच्या तरी सांगण्यावरून डबा शोकेसमधून काढून पंख्याखाली ठेवून पाहिला होता, मग तो पुन्हा शोकेसमध्येच गेला होता. सुनेने रोज सकाळी तो बंद करून चालू करण्याचा नेम धरला होता. प्रत्येक उपायानंतर एखादा दिवस बरा जायचा आणि मग पुन्हा तेच. काकांचं म्हणणं ठाम होतं: "झिला, उन्हान तापता ता. दुपारीच जास्त जाता." काकूंचं म्हणणं वेगळं होतं, की पंप लावला की नेट जातं. त्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

"नेट गेलं" या दोन शब्दांत निदान चार वेगळ्या घटना मावतात. फक्त वायफाय तुटलेलं असतं. किंवा डबाच बंद पडून पुन्हा चालू झालेला असतो. किंवा डबा चालू असतो, पण फायबरमधून येणारा प्रकाश थांबलेला असतो. किंवा प्रकाश येत असतो, पण कंपनीकडे झालेलं लॉगिन तुटलेलं असतं. मोबाइलवर चारही वेळा एकच दिसतं, गोल फिरणारं चक्र. यातली कोणती घटना घडते आहे हे कळल्याशिवाय काहीही बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं. या घरात नेमकं तेच चाललं होतं.

त्यामुळे मी काही बदललं नाही. आधी फक्त नोंद ठेवायची ठरवली. सुनेच्या लॅपटॉपला डब्यापासून लॅनची केबल जोडली, म्हणजे वायफायचा प्रश्न तपासणीतून बाहेर गेला. लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग केली आणि पॉवरशेल उघडून हे चालू ठेवलं:

```
while ($true) {
  $t = Get-Date -Format "dd-MM HH:mm:ss"
  $a = Test-Connection 192.168.1.1 -Count 1 -Quiet
  $b = Test-Connection 1.1.1.1 -Count 1 -Quiet
  if (-not ($a -and $b)) {
    "$t  router=$a  net=$b" >> "$env:USERPROFILE\net.txt"
  }
  Start-Sleep 5
}
```

दर पाचेक सेकंदांनी लॅपटॉप दोघांना हाक मारतो: घरातल्या डब्याला आणि इंटरनेटवरच्या एका पत्त्याला. दोघांनी ओ दिली तर काही लिहीत नाही. कोणी एक गप्प राहिला तर वेळेसकट एक ओळ लिहून ठेवतो. `192.168.1.1` हा डब्याचा पत्ता या घरातला. तुमच्याकडचा वेगळा असू शकतो, तो डब्याच्या खाली चिकटवलेल्या लेबलवर असतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे लाइट गेली तरी नोंद थांबत नाही. मात्र लाइट कधी गेली ते वेगळं लिहून ठेवावं लागतं, नाहीतर साधं भारनियमनही राउटरचा दोष वाटतं. ते काम काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलं, आणि फार चोख केलं.

दुसरी गोष्ट सुनेला सांगितली. नेट गेलं की आधी डब्यावरचे दिवे बघायचे. `PON` नावाचा हिरवा दिवा स्थिर आहे का, आणि `LOS` नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकतो आहे का. गावात याला सगळे "रेड लॉस" म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की फायबरमधून येणारा प्रकाश डब्याला दिसत नाही. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक लागत असतील, तर डबा रिस्टार्ट झालेला आहे.

तिसरी गोष्ट डब्याच्या आतल्या पानावर मिळते. ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकून लॉगिन केलं की `Status` किंवा `Device Info` नावाचं पान असतं. त्यावर `System Uptime`, म्हणजे डबा किती वेळ सलग चालू आहे, ते दिसतं. माझ्या मते सगळ्या तपासणीतला हा सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित आकडा. नेट गेलं आणि आलं, पण अपटाइम मोजणं चालूच राहिलं, तर अ‍ॅडॅप्टरवर संशय घेण्यात अर्थ नाही. अपटाइम शून्यापासून सुरू झाला असेल आणि घरची लाइट गेली नसेल, तर फायबरच्या लाइनमनला बोलावण्यात अर्थ नाही.

काही दिवसांनी फाइल उघडली तेव्हा चित्र साफ होतं. ओळी दोन जातींच्या होत्या.

पहिल्या जातीत `router=False net=False`. म्हणजे डबाच गायब. दोनतीन मिनिटं हे चालायचं आणि मग सगळं परत. या नोंदी बहुतेक सकाळी सहासातच्या सुमारास आणि संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान होत्या. अपटाइम प्रत्येक वेळी शून्यावर आलेला, आणि काकूंच्या कॅलेंडरवर त्या वेळी लाइट गेल्याची नोंद नाही.

दुसऱ्या जातीत `router=True net=False`. डबा जागा आहे, पण बाहेरचं जग नाही. कधी वीस सेकंद, कधी मिनिटभर. सुनेने ज्या वेळी पाहिलं त्या वेळी लाल लॉस होता आणि अपटाइम अखंड. या नोंदी जवळजवळ सगळ्या दुपारी बारा ते सूर्यास्ताच्या मधल्या.

घरात एक दुखणं नव्हतं, दोन होती, आणि दोन्ही एकमेकांच्या आड लपून बसली होती. असं असलं की एकाचा अचूक इलाज केला तरी तक्रार संपत नाही, फक्त थोडी कमी होते. घरचे म्हणतात, "फरक पडला नाही," आणि बरोबर केलेला उपाय उलटा फिरवला जातो. डबा बदलून उपयोग झाला नाही याचंही कारण इथेच होतं. कंपनीच्या माणसाने डबा नवा लावला, पण अ‍ॅडॅप्टर जुनाच ठेवला, कारण पिन बसत होती. आणि बाहेरची केबल तर तीच होती.

आता उष्णतेचं बघू, कारण काकांचा सगळा भर तिथे होता आणि त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. दुपारी नेट जास्त जात होतं हे फाइलही सांगत होती. अशा डब्यांना साधारण ४० अंशांपर्यंतच्या खोलीत चालण्यासाठी बनवलेलं असतं, आणि कौलांखालच्या बंद काचेच्या शोकेसमध्ये मे महिन्यात तेवढं सहज होतं. डब्याच्या `Optical Info` पानावर फायबरच्या मॉड्यूलचं तापमानही दिसतं. शोकेसमध्ये ते दुपारी ६२ अंश दाखवत होतं, बाहेर काढून भिंतीवर उभं टांगल्यावर ५१. असे मॉड्यूल साधारण ७० अंशांपर्यंत चालतात. म्हणजे शोकेसमधली जागा वाईट होती, पण हद्द ओलांडलेली नव्हती.

उष्णतेचा दोष ओळखण्याची एक खूण आहे. तापलेला डबा बंद पडला तर थंड होऊन चालू झाल्यावर काही वेळ बरा चालतो आणि तेवढाच तापला की पुन्हा पडतो. त्याला चढ असतो. या घरात तसा चढ नव्हता. डबा ५१ अंशांवर आल्यानंतरही दुपारचे लाल लॉस तेवढेच राहिले. मग एक दिवस मळभ आलं. ऊन नाही, हवा बरी, पण समुद्रावरून वारा जोरात. त्या दिवशी लॉस नेहमीपेक्षा जास्त झाले. दुपारी किनाऱ्यावर फक्त ऊन नसतं, खारा वाराही असतो. जमीन तापली की समुद्रावरचा गार वारा आत येतो. तो उन्हं चढली की सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळी पडतो. ऊन आणि वारा एकाच वेळी येत असल्यामुळे वाऱ्याचा गुन्हा उन्हाच्या नावावर लागत होता. काकांना हे सांगितल्यावर ते पडवीतून बाहेर आले आणि माडाकडे बघत उभे राहिले. केबल त्याच माडावरून येत होती.

पण वाऱ्याकडे जाण्याआधी अ‍ॅडॅप्टर. क्रम असा ठेवण्याचं कारण साधं: अ‍ॅडॅप्टर आपल्या हातात आहे, खांबावरची केबल नाही.

अ‍ॅडॅप्टरवर लिहिलं होतं १२ व्होल्ट, १ अँपिअर. नुसता सॉकेटला लावून मल्टिमीटरने पिन मोजली तर १२.२ व्होल्ट. बहुतेक जण इथे थांबतात आणि अ‍ॅडॅप्टर चांगला आहे असं सांगतात. पण हे भार नसतानाचं मोजमाप. रिकामी बैलगाडी ओढणारा बैल दमेकरी आहे की नाही हे कसं कळणार? मोजायचं ते डबा चालू असताना. त्यासाठी सीसीटीव्हीवाल्यांकडे स्क्रूवाल्या हिरव्या डीसी पिना मिळतात, एक नर आणि एक मादी. दोन्हींच्या मध्ये वायरचे छोटे तुकडे घालून अ‍ॅडॅप्टर आणि डब्याच्या मध्ये जोडल्या, की स्क्रूवर मीटरची टोकं लावता येतात. अधिक-उणे उलटं होऊ द्यायचं नाही, एवढीच काळजी.

डबा चालू झाल्यावर मीटर ११.३ वर आला. मग सुनेला आणि शेजारच्या मुलांना आपापल्या मोबाइलवर व्हिडिओ लावायला सांगितलं. वायफायचं काम वाढलं तसा आकडा ११.३ आणि १०.९ च्या मध्ये हेलकावे खाऊ लागला. चांगला अ‍ॅडॅप्टर एवढ्या भाराला जेमतेम एकदोन दशांश खाली येतो. आणि साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. क्षणभराची खोल खळगी त्याला दिसतच नाही. मीटरवर १०.९ दिसत असेल तर मधल्या एखाद्या क्षणी त्याहून खूप खाली गेलेलं असू शकतं. तेवढा क्षण डबा रिस्टार्ट व्हायला पुरतो. पुढे उठून, फायबरशी जुळवून, कंपनीकडे लॉगिन करून नेट परत यायला दोनतीन मिनिटं लागतात. दोष निमिषाचा, खोळंबा मिनिटांचा.

पिन बाहेर काढून उजेडात धरली तेव्हा आतल्या बाजूला हिरवट पूड दिसली. समुद्राकाठच्या घरात पितळ-तांब्याला हे होतंच. खाऱ्या दमट हवेत धातूवर थर चढतो आणि जोड नीट लागत नाही. पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि दात कोरायच्या काडीवर गुंडाळलेल्या कापसाने साफ केली, पूर्ण वाळू दिली आणि पुन्हा मोजलं. ११.३ चे ११.५ झाले. म्हणजे थोडा वाटा गंजाचा, पण मोठा वाटा अ‍ॅडॅप्टरच्या पोटातला. तिथे वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर असतात. त्यांच्यातलं द्रव उष्णतेने हळूहळू सुकतं आणि त्यांची साठवण कमी होते. ठोकताळा असा की दर १० अंश जास्त तापमानाला त्यांचं आयुष्य निम्म्याने घटतं. हा अ‍ॅडॅप्टरही डब्याच्या शेजारीच त्या शोकेसमध्ये होता. म्हणजे काकांची उष्णता या मार्गाने दोषी होतीच, फक्त त्यांना वाटत होती तशी नाही. अ‍ॅडॅप्टर उघडून बघण्याचा मोह मात्र आवरावा. आतला एक कपॅसिटर सॉकेटमधून काढल्यावरही काही वेळ विजेचा मोठा दाब धरून असतो.

आणि काकूंचा पंप? विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. घर लाइनच्या शेवटाला असलं की त्या क्षणी घरातला दाब दचकन खाली येतो, बल्ब मिचकावतो. निरोगी अ‍ॅडॅप्टर हा धक्का पोटातल्या साठ्यावर निभावून नेतो. सुकलेल्या कपॅसिटरकडे साठाच नसतो. मी काकूंना पंप लावायला सांगितलं. बल्ब मिचकावला आणि डब्याचे सगळे दिवे विझले. "ह्या मी आधीच सांगलंय," काकू म्हणाल्या. फाइलमधल्या सकाळच्या नोंदी म्हणजे त्यांची बागेला पाणी शिंपण्याची वेळ होती, आणि संध्याकाळच्या म्हणजे घरातले सगळे एकदम वायफायवर असण्याची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गावाकडे दाब कमी असतो म्हणून राउटर बंद पडतो असं सर्रास म्हणतात. अ‍ॅडॅप्टरवर `INPUT 100-240V` लिहिलेलं असतं. दाब स्थिर १७० असला तरी चांगला अ‍ॅडॅप्टर बिनतक्रार १२ व्होल्ट देतो. त्रास होतो तो अचानक येणाऱ्या खळग्याचा, आणि तोही अ‍ॅडॅप्टर म्हातारा झाला असेल तर. स्टॅबिलायझर घेण्याआधी अ‍ॅडॅप्टर बदलून बघावा, तो कितीतरी स्वस्त आहे.

नवा घेताना तीन गोष्टी बघायच्या. व्होल्ट तंतोतंत तेवढेच, इथे १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त. आम्ही २ अँपिअरचा घेतला, डबा लागेल तेवढंच ओढतो, जास्तीने काही बिघडत नाही. तिसरी गोष्ट पिन, आणि फसगत इथेच होते. बाहेरून दोन्ही पिना साडेपाच मिलिमीटरच्या दिसतात, पण आतलं भोक एकाचं २.१ आणि दुसऱ्याचं २.५ मिलिमीटर असतं. अडीचची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये जाते, पण सैल बसते. दिवा लागतो, आणि टेबलाला धक्का लागला की डबा रिस्टार्ट. दुकानात जाताना जुना अ‍ॅडॅप्टर बरोबर न्यावा.

नव्या अ‍ॅडॅप्टरवर भारासकट आकडा १२.० वर थांबला. पंप लावून बघितला, बल्ब मिचकावला, डबा ढिम्म. त्यानंतर पहिल्या जातीच्या ओळी फाइलमध्ये आल्याच नाहीत. दुपारचे लॉस अर्थातच चालू राहिले, आणि सून म्हणालीच, "दादा, मीटिंग आजही तुटली." फाइल नसती तर अ‍ॅडॅप्टरचे पैसे वाया गेले असं ठरून तो परत झाला असता.

फर्मवेअरचा, म्हणजे डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, विचार मी या दोहोंच्या मध्ये केला आणि लवकर सोडून दिला. कारण सांगतो. फर्मवेअरचा दोष असेल तर त्याला बहुधा घड्याळ असतं किंवा उतरण असते. नेट दर वेळी ठरावीक तासांनीच तुटत असेल, अगदी मिनिटाला मिनिट, तर लॉगिनच्या मुदतीसारखं काहीतरी कारण असतं. किंवा डब्याची मेमरी भरत जाते, नेट आधी मंदावतं, पानं उघडेनाशी होतात, मग डबा गोठतो, आणि रिस्टार्ट केल्यावर दोन दिवस छान चालतो. इथे अंतरं वेडीवाकडी होती. कधी तास, कधी सहा तास. तुटण्याआधी मंदावणं नव्हतं. तरी डब्याच्या पानावरचा `Software Version` लिहून ठेवला, कारण कंपनी दुरून कधीही नवी आवृत्ती घालू शकते. मधेच ती बदलली असती तर फरक अ‍ॅडॅप्टरने पडला की फर्मवेअरने हे कळलं नसतं. ती शेवटपर्यंत तीच राहिली.

कंपनीने दिलेल्या डब्यावर इंटरनेटवरून उतरवलेलं फर्मवेअर स्वतः घालू नये. आणि मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण टाचणीने दाबू नये. त्याने कंपनीने भरलेलं युजरनेम आणि लाइनची सेटिंग पुसली जाऊ शकते, आणि मग "अधूनमधून जाणारं" नेट माणूस येईपर्यंत पुरतंच जातं. बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं.

राहिली केबल. `Optical Info` पानावर `Rx Power` नावाचा आकडा असतो, डब्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश. तो डीबीएममध्ये आणि उणे असतो. उणे जितकं मोठं तितका प्रकाश कमी. घरगुती फायबरच्या नेहमीच्या डब्याला साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मधला प्रकाश चालतो. उणे २७ च्या पलीकडे लाल लॉस. ही मोजणी सरळ नाही, हे लक्षात ठेवायचं. दर ३ ने खाली गेलं की प्रकाश निम्मा होतो. उणे २० चं उणे २६ झालं म्हणजे प्रकाश पाव राहिला.

सकाळी वारा नसताना आकडा उणे २०.१ होता. कंपनीच्या माणसानेही येऊन हेच पाहिलं असणार आणि लाइन ओके सांगून गेला असणार, कारण तो सकाळी आला होता. दुपारी पान पुन्हापुन्हा रिफ्रेश करत बसलो तर उणे २१, उणे २३.४, पुन्हा २१, उणे २५.८. फायबरची काच तीच, खांब तोच, आणि प्रकाश हेलकावे खातो आहे, म्हणजे कुठेतरी केबल हलते आहे आणि हलताना दुमडते आहे. फायबर तुटलं असतं तर आकडा आलाच नसता. कनेक्टरवर धूळ असती तर आकडा कमी आला असता, पण स्थिर.

रस्त्याच्या खांबापासून घरापर्यंत केबल साधारण ७० मीटर. मधे ती माडाच्या खोडाला नायलॉनच्या दोरीने दोन वेढे देऊन करकचून बांधलेली. माड डोलला की दोरी केबलला दाबते आणि तिथे ती जवळजवळ कोनात वळते. फायबरमधला प्रकाश हलकं वळण सोसतो. बोटाच्या पेरापेक्षा लहान वळण झालं की तो काचेतून बाहेर निसटायला लागतो. भर म्हणून वळचणीखाली केबल कौलाच्या कडेने आत ढकललेली होती. पण दुपारच्या खेळाला मुख्य जबाबदार माडच.

मी दोरी सोडली नाही. केबल विजेच्या खांबावरून येत असेल तर तिला हात लावणं घरमालकाचं काम नाही आणि माझंही नाही. कंपनीला तक्रार केली, पण या वेळी "नेट जातं" असं नाही. सुनेने दुपारचे आकडे वेळेसकट लिहून दिले, सकाळचा उणे २०.१ शेजारी ठेवला, आणि माणूस दुपारीच पाठवा असं सांगितलं. यातलं शेवटचं वाक्य सर्वात उपयोगी ठरलं.

आलेला मुलगा कामाचा होता. त्याने पॉवर मीटरने आधी खांबावरच्या बॉक्समध्ये मोजलं: उणे १८.९, वाऱ्यातही स्थिर. मग घरातलं टोक: उणे २०.१ आणि हलणारं. ७० मीटर फायबर स्वतः जेमतेम ०.०२ डीबी खातं. कनेक्टरचे थोडे धरले तरी वारा नसतानाचा १.२ चा फरक जास्तच. मग त्याने माडापाशी केबल हलकेच ओढली आणि आतून सुनेने आकडा वाचला: उणे २६. वादच संपला.

त्याने केबल नवी टाकली. माड टाळून खांबावरून थेट घराच्या कोपऱ्यावर, दोन्ही टोकांना ताण घेणारे क्लॅम्प, भिंतीजवळ मोठ्या गोलाईचा थोडा सैल वेढा. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, केबलीवरून घरात येत नाही. कोकणातल्या पावसात हा झोळ नसला की भिंतीतल्या भोकातून थेंब थेट डब्यावर. आतल्या हिरव्या कनेक्टरचं टोक त्याने कोरड्या क्लीनरने पुसलं. हे टोक डोळ्यासमोर धरून बघायचं नाही. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण लेझरच असतो. आणि हिरव्याच्या जागी निळा कनेक्टर चालेल असं कोणी म्हटलं तर ऐकायचं नाही. हिरव्याचं टोक तिरपं कापलेलं असतं, निळ्याचं नाही, दोन्ही एकमेकांवर नीट टेकत नाहीत.

नंतर दुपारी वाऱ्यात आकडा उणे १९.३, आणि तो तिथेच राहिला.

लॅपटॉपवरची फाइल सुनेने अजून चालू ठेवली आहे. तिच्यात मध्ये एकदा पुन्हा `router=True net=False` आलं, जवळजवळ अर्धा तास. तिने आधी दिवे बघितले: पॉन हिरवा, लॉस नाही. `Rx Power` उणे १९.३. अपटाइम अखंड. म्हणजे डबा ठीक, अ‍ॅडॅप्टर ठीक, घरापर्यंत प्रकाशही ठीक, आणि अडचण खांबाच्या पलीकडे कंपनीकडे. शेजारच्या दोन घरांत विचारलं, त्यांचंही गेलेलं. तिने कोणालाही बोलावलं नाही, डबा बंद-चालूही केला नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मीटिंग पुढे चालू ठेवली.